युजेबिलिटी टेस्ट: पाच माणसं, तीन टास्क आणि रात्री बारा वीसची गाडी

उजनीकाठ · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. माझ्या मामाच्या ट्रॅव्हल्सच्या चार गाड्या आहेत, बोरिवली-वाकड-लातूर. रोज रात्री दोन इकडून, दोन तिकडून. आधी तिकिटं फोनवर आणि एजंटांकडून जायची. गेल्या वर्षी मी त्याला बुकिंगची साइट करून दिली. साइट चालते, म्हणजे पडत तरी नाही. पण मामा म्हणतो की साइट आल्यापासून ऑफिसचे फोन कमी व्हायचे सोडून वाढलेत. लोक साइट उघडतात आणि मग फोन लावतात. का, ते कोणाला नीट सांगता येत नाही.

म्हणून पाच जणांना समोर बसवून टेस्ट घ्यायचं ठरवलंय. प्लॅन असा:

टास्क १: साइटवर पुणे ते लातूर सर्च करा, १३ तारीख निवडा, वाकड हा बोर्डिंग पॉइंट घ्या आणि खिडकीची सीट बुक करा.
टास्क २: 'माझी बुकिंग'मध्ये जाऊन ते तिकीट कॅन्सल करा.
टास्क ३: साइट कशी वाटली, दहापैकी मार्क द्या.

माणसं: ऑफिसातले दोन मित्र, बायकोची मैत्रीण, मामाचा मुलगा आणि शेजारचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. येत्या रविवारी माझ्या लॅपटॉपवर, प्रत्येकी अर्धा तास. टास्क करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगणार. प्रत्येक टास्कला स्टॉपवॉच लावणार. काही राहिलंय का?

---

गणिती_अण्णा · सोमवार, रात्री ११.०५

पाच पुरेसे आहेत, बिनधास्त करा. युजेबिलिटीवर संशोधन करणाऱ्या निल्सन आणि लँडॉवर यांनी १९९३ मध्येच गणित मांडून ठेवलंय. पाच जणांत ८५ टक्के अडचणी सापडतात. सहावा बसवलात तर तेच तेच ऐकायला मिळेल.

---

बापू_सांगोलेकर · मंगळवार, सकाळी ६.१५

आपली लातूर गाडी आहे हे वाचून आनंद झाला. मला पुढच्या आठवड्यात दोन तिकिटं हवी आहेत, मी आणि सौ. खालचे बर्थ मिळतील का? साइटवरून काढायची माझी आता हिंमत नाही. मागे एका दुसऱ्या कंपनीच्या साइटवरून मुलाने काढून दिलं होतं. तिकिटावर १८ तारीख, वेळ १२.१५. आम्ही १८ तारखेला जेवणं उरकून रात्री साडेअकराला पिशव्या घेऊन स्टॉपवर हजर. गाडी आदल्याच रात्री निघून गेली होती. म्हणजे १८ तारीख लागल्या लागल्या. आता सांगा, जेवून निघणारा माणूस त्याला १८ म्हणेल की १७?

---

सुमेधा_क · मंगळवार, सकाळी ९.३०

उजनीकाठ, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. माझं हेच काम आहे, गेली चौदा वर्षं.

तुमच्या टास्क १ मध्ये उत्तरं फोडलेली आहेत. 'सर्च', 'बोर्डिंग पॉइंट', '१३ तारीख' हे सगळे तुमच्याच पडद्यावरचे शब्द. समोरचा माणूस ते शब्द शोधेल, सापडले की दाबेल आणि तुम्हाला वाटेल जमलं. तपासली गेली त्याची नजर. त्याला गाडी कशी शोधायची ते कळतं का, हे बाजूलाच राहिलं. टास्कमध्ये माणसाची गरज लिहा, साइटचा रस्ता लिहू नका. कुठे राहतो, किती वाजता मोकळा होतो, कधी आणि कशासाठी पोचायचंय, एवढंच. तारीखसुद्धा त्यालाच काढू द्या. घरी हिशोब त्यालाच करावा लागतो.

दुसरं, प्रत्येक टास्कचं बरोबर उत्तर आधी कागदावर लिहून ठेवा. कोणती गाडी, कोणती तारीख, कोणता स्टॉप. हे न करता बसलात तर 'बुकिंग झालं' एवढ्यावर तुम्ही खूण कराल.

बापूंनी तिकिटं मागता मागता तुम्हाला खरा टास्क देऊन टाकलाय. मध्यरात्रीनंतर सुटणारी तुमची गाडी आहे का? असेल तर ती साइटवर कोणत्या तारखेला दिसते?

अण्णा, तुमच्याकडे संध्याकाळी येते.

---

उजनीकाठ · मंगळवार, दुपारी १.१०

आहे ना. बोरिवलीहून संध्याकाळी ६ला सुटते ती वाकडला १०.१५ला येते. ८ची गाडी वाकडला १२.२०ला. साइटवर मी वेळ ००:२० अशी दाखवतो आणि तारीख गाडी जिथून निघते तिथली. म्हणजे १३च्या रात्री बोरिवलीहून निघालेली गाडी वाकडवाल्याला १३ तारखेतच दिसते, पण वाकडला येते तेव्हा खरं तर १४ लागलेली असते. डेटाबेसमध्ये फेरी एक, तारीख एक, म्हणून मला ते साहजिक वाटलं होतं.

बापू, तिकिटांचं मामाला सांगतो.

---

टेस्टर_तुषार · मंगळवार, दुपारी १.४५

यासाठी माणसं कशाला बसवायची? बाउंड्री केस आहे. ००:०० ते ०४:०० मधल्या सगळ्या गाड्यांचे टेस्ट केस लिहा, तारीख बरोबर साठवली जाते का बघा, बग असेल तर दिसेल.

---

सुमेधा_क · मंगळवार, सायंकाळी ७.२०

तुषार, तुमच्या टेस्टमध्ये हे पास होईल. साइट ठरल्याप्रमाणेच वागतेय. ठरवलेलं माणसाच्या डोक्यातल्याशी जुळत नाही, ही अडचण आहे, आणि ती माणसाशिवाय दिसत नाही.

अण्णा, आता ८५ टक्क्यांचं. तो आकडा एका गृहीतावर उभा आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक अडचण एका माणसाला आडवी येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती. तसं असेल तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता ८४-८५ टक्के येते. पण जी अडचण दहांतल्या एकालाच येते, ती पाच जणांत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. शिवाय ही सरासरी आहे. फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांची टेस्ट घेऊन त्यातून पाच-पाचचे गट काढून पाहिले. सरासरी ८५च्या आसपास आली, पण एका गटाला जेमतेम ५५ टक्के अडचणी सापडल्या होत्या. तुमचा रविवारचा गट कोणता असेल, ते आधी कळत नाही.

तरीही मी पाचच म्हणेन, पण एका फेरीला पाच. खुद्द निल्सनचा सल्ला तोच आहे: पंधरा माणसांचे पैसे असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मध्ये साइट दुरुस्त करा.

---

गणिती_अण्णा · मंगळवार, रात्री ९.००

५५ची गोष्ट माहीत नव्हती. मान्य. उलट बाजूचंही गणित मांडतो, उपयोगी पडेल. समजा पाचही जणांना एखाद्या ठिकाणी काहीच अडचण आली नाही. तर ती जागा निर्धोक म्हणायची का? ४५ टक्के लोकांना अडचण येत असली तरी पाचही जण सुखरूप सुटण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. म्हणजे पाच जणांवरून 'अडचण आहे' हे छातीठोक सांगता येतं, 'अडचण नाही' हे सांगता येत नाही.

---

काउंटर_नंबर_२ · मंगळवार, रात्री ११.५०

मी बुकिंग ऑफिसात बसतो, कंपनी वेगळी, रस्ता तोच. एक सांगू का, आम्ही गिऱ्हाइकाला तारीख विचारतच नाही. 'शुक्रवारची रात्र ना? शनिवार उजाडता पोचायचं ना?' असं विचारतो. तो हो म्हणाला की मग आम्ही तारीख घालतो. तारीख विचारली की हमखास घोटाळा होतो.

आणि ते 'बोर्डिंग पॉइंट' कोणी म्हणत नाही. 'गाडीत कुठून बसणार' म्हणतात.

---

उजनीकाठ · बुधवार, रात्री १०.१५

सगळं वाचून स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. पहिला टास्क कागदावर मोठ्या अक्षरात छापून हातात देणार:

"तुमच्या मावसबहिणीचा साखरपुडा लातूरला शनिवारी, १४ तारखेला सकाळी ११ वाजता आहे. तुम्ही वाकडला राहता. शुक्रवारी तुमची शिफ्ट रात्री ११ला सुटते, लवकर निघता येत नाही. लातूरला जायची सोय करा. पैसे भरायची वेळ आली की थांबा आणि मला सांगा."

बरोबर उत्तर (हे फक्त माझ्या कागदावर): तारीख १३, वाकड ००:२०. दुसरं कोणतंही नाही.

दुसरा टास्क: "साखरपुडा पुढे ढकलला. तिकिटाचं काय करता येतं आणि किती पैसे परत मिळतील ते पाहा." यासाठी आधीच काढलेलं एक टेस्ट तिकीट देणार, म्हणजे पहिल्यात चुकलेला माणूस इथे अडणार नाही.

तिसरा मार्कांचा टास्क काढून टाकला. त्याऐवजी: "आईला एकटीला पाठवायचंय. तिला गाडीत कुठून बसायचं ते फोनवर कसं समजावाल?" स्टॉपचा पत्ता आणि खूण साइटवर सापडते का, ते यातून कळेल असं वाटतं.

माणसंही बदलली. मामाच्या वहीतून असे पाच घेतले, ज्यांनी गेल्या सहा महिन्यांत रात्रीच्या बसने प्रवास केलाय. दोघं कायम फोनवर तिकीट काढणारे, एक साठीपुढचे काका. सहावी एक ताई राखीव. टेस्ट लॅपटॉपवर नाही, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. वरून कॅमेरा लावून हात आणि पडदा टिपणार, रेकॉर्डिंगची परवानगी सहीने घेणार.

---

नीलाक्षी · बुधवार, रात्री ११.३०

मोबाइल त्यांचाच, हे छान केलंस. पण पैसे भरायच्या आधी थांबवतोयस, ते खटकलं. मी इथे स्टुटगार्टमध्ये बसून आईबाबांची तिकिटं काढते आणि माझं घोडं दर वेळी पेमेंटलाच अडतं. टेस्ट मोडमध्ये खोटं पेमेंट करून पुढे का जात नाहीस?

---

सुमेधा_क · गुरुवार, सकाळी ८.५०

नीलाक्षी, टेस्ट मोडमध्ये एक बटण दाबलं की 'यशस्वी' येतं. खरी गंमत असते साइटवरून यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन परत येण्यात. नेट हळू असतं, माणूस परत येतच नाही, किंवा पैसे कापले जातात आणि तिकीट दिसत नाही. ते टेस्ट मोडमध्ये घडतच नाही. त्यासाठी वेगळी फेरी, खरं पेमेंट आणि नंतर परतावा. पहिल्या फेरीत हे कोंबलं तर अर्धा तास त्यातच जाईल.

आणि उजनीकाठ, ती फेरी कराल तेव्हा पिन टाकायच्या वेळी वरचा कॅमेरा बंद करा. फोनमधल्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पिनचा पडदा सहसा काळा येतो, पण वरून बोटं दिसतात.

आधी एका माणसावर रंगीत तालीम करा. ती पाचांत मोजू नका.

---

उजनीकाठ · गुरुवार, रात्री ११.४०

तालीम केली, शेजारच्या विद्यार्थ्यावर. बरं झालं केली. तो गडी छान बोलत होता, 'हा बर्थ वरचा आहे का, हा बाथरूमजवळ तर नाही ना', आमच्या गाडीत बाथरूम नसतंच म्हणा, आणि तेवढ्यात सीटच गेली. सीट निवडल्यावर मी ती ८ मिनिटं धरून ठेवतो, मग सोडून देतो. बोलण्याच्या नादात ८ मिनिटं संपली. 'सत्र संपले' असा लाल पडदा आला आणि तो माझ्याकडे पाहून म्हणाला, 'माझं काय चुकलं?'

आता ती मुदत टेस्टपुरती ३० मिनिटं करू का? की लोकांना खरोखरच ८ मिनिटं पुरत नाहीत?

---

टेस्टर_तुषार · शुक्रवार, सकाळी १०.००

३० करा. नाहीतर प्रत्येक जण तिथेच आपटेल आणि पुढचं काही दिसणार नाही. आणि स्टॉपवॉचचे आकडे मला पाठवा, सरासरी काढून देतो.

---

सुमेधा_क · शुक्रवार, दुपारी १२.४०

मुदत वाढवा, तुषार बरोबर सांगताहेत. पण स्टॉपवॉच घरी ठेवा. मोठ्याने बोलत काम करणारा माणूस मुळात हळू होतो, मध्ये थांबतो, तुम्हाला समजावत बसतो. ते आकडे कशाचेच नसतात. ८ मिनिटं पुरतात का हा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर तुमच्या सर्व्हरच्या नोंदींत आहे. किती जणांची सीट मुदत संपून सुटली, ते मोजा.

आता बोलायला लावण्याबद्दल. 'मनात येईल ते बोला' एवढं सांगून भागत नाही. लोक दोन मिनिटं बोलतात आणि गप्प होतात. आधी साइटशी संबंध नसलेला सराव द्या. एरिक्सन आणि सायमन यांच्या पद्धतीतला जुना सराव मी अजून वापरते: तुमच्या घराला खिडक्या किती ते मोजा आणि मोजताना बोला. माणूस डोळे मिटून घरभर फिरतो, 'हॉलला दोन, स्वयंपाकघरात एक, तिला जाळी आहे'. मग म्हणायचं, अगदी असंच बोलत राहा.

गप्प झाला तर फक्त 'बोलत राहा'. 'हे बटण का दाबलं?' असं मध्येच विचारू नका. विचारलं की माणूस कारण तयार करतो आणि पुढचं प्रत्येक पाऊल विचार करून टाकतो. का, ते टास्क संपल्यावर विचारा.

---

नीलाक्षी · शुक्रवार, दुपारी १.३०

ठोकळ्यासारखं बसून फक्त 'बोलत राहा' म्हणायचं? आपल्याकडे समोरचा हुंकार देत नाही म्हणजे रागावलाय असं वाटतं. माझ्या सासूबाई तर दुसऱ्या मिनिटाला उठून जातील.

---

सुमेधा_क · शुक्रवार, दुपारी ३.१०

मुद्दा बरोबर आहे. बोरेन आणि रेमी यांनी २००० साली हेच मांडलं होतं, की बोलणाऱ्याला ऐकणारा लागतो, तेव्हा हलका हुंकार चालेल. 'हं' द्या. 'बरोबर', 'छान', 'अगदी' हे देऊ नका, ते उत्तर ठरतं. 'अच्छा' तर त्याहून वाईट. वर चढवून म्हटला तर प्रश्न होतो, खाली म्हटला तर शाबासकी. मी स्वतःच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये इतके 'अच्छा' ऐकलेत की लाज वाटते.

कोणी 'आता काय करू?' विचारलं तर: 'मी इथे नसतो तर काय केलं असतंत?' एवढंच. आणि सुरुवातीलाच सांगा की चूक झाली तर साइटची, तुमची परीक्षा नाही. साइट तुम्ही केलीय हे मात्र सांगू नका. आपली माणसं भिडस्त असतात, तोंडावर नाव ठेवत नाहीत.

नोंदी लिहायला दुसरा माणूस ठेवा. कागदावर तीन रकाने: काय केलं, काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), आणि तुम्हाला काय वाटलं. तिसरा रकाना वेगळ्या रंगाच्या पेनाने. नाहीतर संध्याकाळी 'गोंधळला' असं लिहिलेलं दिसतं आणि तो गोंधळला होता की फोनवर मेसेज वाचत होता ते आठवत नाही.

मामांना खोलीत घेऊ नका.

---

उजनीकाठ · रविवार, रात्री ११.२०

झाली टेस्ट. डोकं अजून ठिकाणावर नाही, पण सांगतो. पहिल्या टास्कबद्दलच सांगतो, बाकीचं त्यापुढे किरकोळ आहे.

पहिल्या ताई. शनिवारी पोचायचं, शिफ्ट अकराला सुटते, असं दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, 'बारा वाजून गेले म्हणजे चौदा तारीख लागली.' १४ निवडली, ००:२० दिसली, 'हं, हीच.' सीट घेतली, थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या. एकही अडखळ नाही. आणि तिकीट शनिवार रात्रीचं! साखरपुडा झाल्यावर बारा तासांनी त्या वाकडहून निघणार.

दुसरे दादा. १३ निवडली. दोन गाड्या दिसल्या. '००:२०... ही गाडी बंद आहे का? शून्य दाखवतायत.' मग १०.१५ची घेतली आणि म्हणाले, 'बॉसला सांगून लवकर निघेन.' टास्कमध्ये लवकर निघता येत नाही असं लिहिलं होतं, पण माणसाने साइटशी जुळवून घेतलं, आयुष्य बदललं.

तिसरे काका, साठीपुढचे. सगळ्यात जास्त मला त्यांचीच काळजी होती. 'शुक्रवारची गाडी' म्हणून १३, बसल्या जागी ००:२०, खलास. दोन मिनिटं. नंतर विचारलं तर म्हणाले, 'रात्रीची गाडी ज्या वाराला निघते त्याच वाराची असते, चाळीस वर्षं एसटीने फिरलोय.'

चौथ्या ताई, कायम फोनवर काढणाऱ्या. १४, मग १३, परत १४. मी मोजलं, सात वेळा. मध्ये एकदा माझ्याच तोंडून निघून गेलं, 'वर तारीख बघा ना'. सुमेधाताई, शिव्या घाला. तिथून पुढचं मी 'मदतीने' असं लिहिलंय. शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला. 'मी ऑफिसला फोन केला असता.' मामाचे फोन कुठून येतात ते तिथे कळलं.

पाचवा मुलगा, सफाईदार. १४, ००:२०, सीट. पहिल्या ताईंसारखाच चुकला. आणि वर न विचारता, 'साइट सोपी आहे, दहापैकी नऊ.'

मामा शेजारच्या खोलीत व्हिडिओ कॉलवर, आवाज बंद करून बघत होता. पाचव्याने १४ दाबली तेव्हा भिंतीपलीकडून 'अरे देवा' ऐकू आलं. मुलाने विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, शेजारी मॅच चालू असेल.

---

सुमेधा_क · सोमवार, सकाळी ९.१५

शिव्या नाही घालत, मदतीची नोंद केलीत ते महत्त्वाचं.

पहिली ताई आणि पाचवा मुलगा यांची नोंद नीट पाहा. मोठ्याने बोलण्यातून अडचण कळते ती माणसाला जाणवली तरच. या दोघांना काही जाणवलंच नाही, म्हणून त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळ नाही. बरोबर उत्तर आधी लिहिलेलं नसतं तर तुम्ही त्यांना 'यशस्वी'त टाकलं असतं आणि काकांपेक्षा वर ठेवलं असतं. चौथ्या ताईचं नुकसान एका फोनचं. या दोघांचं नुकसान साखरपुडा चुकण्याचं. त्यामुळे तुमच्या यादीत 'न जमलं'च्या वर एक वेगळी ओळ हवी: 'जमलं असं वाटलं, पण चुकलं'. दुरुस्ती तिथून सुरू करा.

आणि पाचांत दोन म्हणजे ४० टक्के असं कोणाला सांगू नका. 'घडतं' एवढंच सिद्ध झालंय, किती वेळा घडतं ते नाही.

---

गणिती_अण्णा · सोमवार, सकाळी १०.०५

हे मीच लिहिणार होतो.

---

टेस्टर_तुषार · सोमवार, सकाळी ११.२०

मला तर पहिल्या ताईच बरोबर वाटतात. बारा वाजून गेल्यावर १४ तारीख असते, घड्याळ काय खोटं बोलतं? तारीख त्या त्या स्टॉपची दाखवा, प्रश्न मिटला.

---

बापू_सांगोलेकर · सोमवार, दुपारी १२.००

माझ्या त्या तिकिटावर घड्याळाप्रमाणेच बरोबर तारीख होती. गाडी गेलीच ना?

---

उजनीकाठ · सोमवार, रात्री १०.३०

हाच पेच आहे. गाडी सुटते तिथली तारीख धरली तर पहिल्या ताई चुकतात, स्टॉपवरची धरली तर बापू चुकतात. म्हणून तूर्त तारखेचा खोका तसाच ठेवून गाडीच्या ओळीत काउंटर_नंबर_२ यांची भाषा घालतोय: 'शुक्रवारी रात्री १२.२०, शनिवार उजाडता लातूर'. ००:२० हद्दपार. आणि सीट घेण्याआधी एक ओळ: 'तुम्ही लातूरला शनिवारी १४ तारखेला सकाळी पोचाल.' गाडी साडेसात-आठला पोचते, पण वेळ लिहू की नुसतं 'सकाळी', ते ठरत नाही. वेळ लिहिली की मामाला फोन येणार, आठ वाजले, गाडी कुठाय.

दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, नवे पाच. टास्क तोच ठेवतोय.

---

काउंटर_नंबर_२ · सोमवार, रात्री ११.४५

ओळ चांगली आहे, पण लोक ओळ वाचत नाहीत. दोन्ही तारखांना ती गाडी दाखवा ना. १३ला पण, १४ला पण.

---

नीलाक्षी · मंगळवार, रात्री १२.१०

मग १४ निवडणाऱ्याला रात्री १२.२०च्या दोन गाड्या दिसतील, एक शुक्रवार रात्रीची, एक शनिवार रात्रीची. माझ्या आईला दोन्ही सारख्याच दिसतील आणि ती वरची घेईल.

---

सुमेधा_क · मंगळवार, सकाळी ९.००

मलाही दोन्हीकडे दाखवणं धोक्याचं वाटतं, पण हे वाटणं झालं. कागदावर दोन्ही पडदे काढा आणि दुसऱ्या फेरीच्या आधी दोघा-तिघांना दाखवून बघा. आणि पहिल्या ताईंना परत बोलावू नका, त्यांना आता उत्तर माहीत आहे.

---

बापू_सांगोलेकर · मंगळवार, सकाळी ९.४०

उजनीकाठ, आमच्या दोन तिकिटांचं राहिलंच की. रविवारची रात्र, सोमवार उजाडता. खालचे बर्थ. तारीख काय ती तुम्हीच घाला.